५० कार्डांचा संच पूर्ण करायला सरासरी किती खरेद्या लागतात?

प्रश्न: ५० वेगवेगळ्या कार्डांचा संच आहे. एका वेळी एक बंद कार्ड मिळतं, आत कोणतं आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. आतापर्यंत १२० घेतली, ४६ वेगळी जमली, चार काही केल्या मिळत नाहीत. शेवटच्या ३० मध्ये फक्त एक नवीन निघालं. ती चार कार्डं मुद्दाम कमी छापली आहेत का? आणि अजून किती घ्यावी लागतील?

उत्तर:

तुमचे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत. सगळी कार्डं सारख्या प्रमाणात येत असतील तर दुसऱ्याचं उत्तर कागद-पेन्सिलीने काढता येतं. ती तशी येतात का, हे मात्र तुमच्या एकट्याच्या १२० कार्डांवरून ठरवणं कठीण आहे. म्हणून आधी प्रमाण सारखं आहे असं धरून हिशेब करू, आणि संशयाकडे नंतर वळू. मी संख्याशास्त्र शिकवतो. हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो आणि दरवर्षी मुलांचे अंदाज फार कमी निघतात. ५० कार्डांसाठी बहुतेक जण १०० ते १२० सांगतात. खरी सरासरी २२५ आहे.

हा आकडा येतो कुठून ते पाहू. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता दर प्रयत्नाला p असेल, तर ती घडेपर्यंत सरासरी 1/p प्रयत्न लागतात. का, ते एका ओळीत कळतं. सरासरी E मानली तर एक प्रयत्न करावा लागतोच, आणि तो फुकट गेला (त्याची शक्यता 1−p) तर आपण पुन्हा सुरुवातीलाच येतो. म्हणजे E = 1 + (1−p)E, आणि यातून E = 1/p निघतं. फाशावर सहा पडायला सरासरी सहा वेळा फासा टाकावा लागतो, तो याच हिशेबाने.

आता संचाकडे एकदम न पाहता एकेका नव्या कार्डाकडे पाहा. पहिलं कार्ड नवीनच असतं. एक हातात आल्यावर पुढचं नवीन निघण्याची शक्यता ५० पैकी ४९, मग ४८, असं ते घटत जातं. तुमच्याकडे k कार्डं कमी असतील, तर पुढचं नवीन कार्ड मिळायला सरासरी ५०/k खरेद्या लागतात. या सगळ्या टप्प्यांची बेरीज म्हणजे उत्तर:

```
50 × (1 + 1/2 + 1/3 + ... + 1/50) = 50 × 4.499 ≈ 225
```

कार्डं ५० नसून n असतील तर ५० च्या जागी n घाला. बेरीज हळूहळू वाढत राहते, म्हणून संच दुप्पट केला की खर्च दुपटीहून जास्त होतो. १०० कार्डांसाठी हाच आकडा ५१९ च्या आसपास जातो.

खरी गंमत मात्र एकूण आकड्यात नाही. तो आकडा कुठे खर्च होतो, हे बघण्यासारखं आहे. पहिली २५ कार्डं सरासरी ३४ खरेद्यांत जमतात. ४५ जमायला सुमारे १११ लागतात. आणि उरलेल्या पाच कार्डांना एकट्याने ११४! म्हणजे संचाचा नऊ-दशांश भाग निम्म्या खर्चात होतो आणि उरलेला एक-दशांश भाग बाकीचा निम्मा खर्च खातो. अगदी शेवटच्या एका कार्डालाच सरासरी ५० खरेद्या पडतात. संग्रह करणाऱ्या प्रत्येकाला शेवटी कंपनीचा संशय येतो तो यामुळेच. सुरुवातीला जवळपास प्रत्येक कार्ड नवीन निघतं, त्या वेगाची सवय होते, आणि मग काहीही न बदलता तो वेग आपोआप मरतो.

आता तुमचे आकडे यात बसवू. एखादं ठरावीक कार्ड १२० खरेद्यांत एकदाही न येण्याची शक्यता म्हणजे ०.९८ चा १२० वा घात, सुमारे ०.०८९. असं प्रत्येक कार्डाचं, म्हणून ५० ने गुणलं की १२० खरेद्यांनंतर सरासरी ४.४ कार्डं राहायला हवीत. तुमची ४ राहिली आहेत. याहून सरासरीला धरून असणं अवघड आहे. (हा हिशेब तोंडी करायचा असेल तर: ५० कार्डांच्या संचात दर ३४-३५ खरेद्यांना न मिळालेल्या कार्डांची सरासरी निम्मी होते.)

शेवटच्या ३० मध्ये एकच नवीन निघालं हे खटकणं साहजिक आहे. पण त्या ३० च्या सुरुवातीला तुमच्याकडे पाच कार्डं कमी होती, म्हणजे दर खरेदीला नवीन निघण्याची शक्यता फक्त दहात एक होती. अशा ३० खरेद्यांत एक किंवा शून्य नवीन निघण्याची शक्यता सुमारे २४ टक्के येते. चारातल्या एका संग्राहकाला हे भोगावं लागतंच. तुमची सुरुवात जरा नशिबवान होती आणि नंतरचे ३० जरा कमनशिबी, एकूण हिशेब बरोबर.

पुढे किती? कार्डं सारख्या प्रमाणात येत असतील तर चार कार्डांसाठी सरासरी ५० × (१ + १/२ + १/३ + १/४), म्हणजे १०४ खरेद्या. आधीच्या १२० मिळवल्या तर २२४. पण हा आकडा घेऊन लगेच बजेट ठरवू नका. सरासरी १०४ असली तरी निम्मे लोक ९२ खरेद्यांच्या आत सुटतात, आणि नऊ-दशांश लोक सुटायला १८० च्या आसपास जावं लागतं. सरासरी मधोमध बसत नाही, कारण काही थोड्या लोकांचं शेवटचं कार्ड फार म्हणजे फारच लांबतं आणि ते सरासरीला वर ओढतात. एकच कार्ड उरलेलं असताना १०० खरेद्या वाया जाण्याची शक्यता १३ टक्के आहे, हे लक्षात घ्या. अगदी सुरुवातीपासून मोजलं तरी चित्र तेच दिसतं. २२५ खरेद्यांनंतर संच पूर्ण झालेला असण्याची शक्यता ५८ टक्केच आहे. ९० टक्के खात्री हवी असेल तर ३०६ पर्यंत जावं लागतं, ९५ टक्क्यांसाठी ३४१ पर्यंत.

इथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते. "१२० घेतली, आता तरी यायलाच हवं" असं काही नसतं. खरेद्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर चार कार्डं उरलेल्या माणसाला सरासरी १०४ च लागतात, मग त्याने आधी ८० घेतलेली असोत वा ३००.

आता संशयाकडे. सगळा हिशेब सारख्या प्रमाणावर उभा आहे, आणि प्रत्यक्षात ते गृहीतक मोडतं ते बहुधा दुर्मिळ कार्डांमुळे. समजा तुमची ती चार कार्डं इतरांच्या एक-पंचमांश प्रमाणात घातली आहेत. प्रत्येक साध्या कार्डाचं वजन ५ आणि दुर्मिळ कार्डाचं १ धरलं तर एकूण वजन ४६ × ५ + ४ = २३४. म्हणजे ठरावीक दुर्मिळ कार्ड येण्याची शक्यता २३४ त एक. मग उरलेल्या चारांना १०४ ऐवजी सरासरी ४८७ खरेद्या लागतील. आणि तरीही अशा संचात १२० खरेद्यांत त्या चारातलं एकही न दिसण्याची शक्यता साडेबारा टक्क्यांच्या आसपास असते. सारख्या प्रमाणाच्या संचातही कोणती ना कोणती चार कार्डं मागे राहणारच होती. म्हणून तुमच्या एकट्याच्या आकड्यांवरून या दोन शक्यतांमध्ये निवाडा होत नाही. जास्त कार्डं घेऊन निवाडा करणं म्हणजे ज्या खर्चाची भीती आहे तोच खर्च आधी करून बसणं.

निवाडा स्वस्तात होतो तो दुसऱ्या संग्राहकाला विचारून. त्याच्याकडे कोणती कार्डं नाहीत ते पाहा. समजा त्याचीही चारच उरली आहेत. सारखं प्रमाण असेल तर त्याची चार आणि तुमची चार यांचा संबंध नसावा, सरासरी एक-तृतीयांश कार्डसुद्धा जुळत नाही. एकही न जुळण्याची शक्यता ७१ टक्के आहे. एक जुळणं अजिबात विशेष नाही, ते २६ टक्के वेळा होतं. पण दोन किंवा जास्त जुळण्याची शक्यता तीन टक्क्यांपेक्षा कमी आहे. दोन जुळली तर मी भुवई उंचावेन, तिसऱ्या माणसाच्या यादीतही तीच दिसली तर संशय जवळपास पक्का धरेन. फक्त एक पथ्य: तुम्ही ज्यांना विचाराल ते योगायोगाने भेटलेले असावेत. "मला क्रमांक अमुक मिळत नाही" अशी जाहीर ओरड करणाऱ्यांमधून माणसं निवडली तर याद्या जुळणारच, कारण तुम्ही जुळणारीच माणसं वेचली.

दुसरी गोष्ट जरा कमी महत्त्वाची. कार्डं मोठ्या कागदावर एकत्र छापून कापलेली असतात आणि नंतर मिसळलेली असतात. मिसळ नीट झाली नाही तर एकाच खोक्यातली कार्डं एकमेकांपासून स्वतंत्र राहत नाहीत. याची खूण सोपी आहे. तुम्ही उघडण्याच्या क्रमाने नोंद ठेवली असेल तर कार्डांचे तेच तेच क्रम पुन्हा दिसतात, म्हणजे १७ नंतर दर वेळी ३२, मग ५. असं दिसलं तर सगळ्या खरेद्या एकाच खोक्यातून करू नका.

पाच कार्डांचं पाकीट असेल आणि त्यात एकच कार्ड दोनदा येत नाही अशी हमी असेल, तर किती फायदा होतो असं अनेक जण विचारतात. फारसा नाही. ५० च्या संचाला हमी असलेली सुमारे ४४ पाकिटं लागतात आणि हमी नसलेली सुमारे ४५. हमीचा उपयोग सुरुवातीला होतो, पण सुरुवात तशीही स्वस्तच असते.

प्रमाणं वेगवेगळी असतील तर वरचं साधं सूत्र चालत नाही. नेमकं सूत्र आहे, पण ते हाताने करायच्या लायकीचं नाही. मी सरळ संगणकाकडून हजारो काल्पनिक संग्राहक चालवून घेतो:

```python
import random

def kharedi(vajan):
    n, mile, m = len(vajan), set(), 0
    while len(mile) < n:
        mile.add(random.choices(range(n), weights=vajan)[0])
        m += 1
    return m

vajan = [5]*46 + [1]*4
r = sorted(kharedi(vajan) for _ in range(2000))
print(sum(r)/2000, r[1000], r[1800])
```

तीन आकडे छापले जातात: सरासरी, निम्म्या लोकांना पुरेल इतका आकडा आणि नव्वद टक्के लोकांना पुरेल इतका आकडा. `vajan` मध्ये तुमचा अंदाज घाला. आधी `[1]*50` घालून सरासरी २२५ च्या आसपास येते ना ते तपासा, म्हणजे प्रोग्रामवर भरवसा ठेवता येईल. दर वेळी आकडा दोन-तीनने इकडेतिकडे होईल, ते चालायचंच.

आता माझ्या मते सगळ्यात कामाचा भाग: कधी थांबावं. उरलेली कार्डं सुटी विकत मिळत असतील तर शेवटपर्यंत बंद कार्डं घेत राहणं जवळपास नेहमीच तोट्याचं असतं. हिशेब असा. हवं ते सुटं कार्ड बंद कार्डाच्या c पट किमतीला मिळतं असं धरा. तुमची k कार्डं उरली असताना आणखी एक बंद कार्ड घेतलं, तर k/५० इतक्या शक्यतेने ते हवं असलेलं निघेल आणि तुमचे c वाचतील. म्हणजे एका कार्डाची किंमत मोजून सरासरी c × k/५० वाचतात. हे एकापेक्षा जास्त असेल तोवरच बंद कार्ड घेण्यात अर्थ. थोडक्यात, उरलेली कार्डं ५०/c पेक्षा जास्त असतील तर बंद घ्या, त्या खाली आलात की सुटी घ्या.

समजा सुटं कार्ड दहापट किमतीला मिळतं. ५०/१० म्हणजे पाच. पाच उरली की थांबायचं. तुमची चारच आहेत, म्हणजे आताच थांबा: चार सुट्या कार्डांना ४० बंद कार्डांइतका खर्च येईल, तर घेत राहिलात तर सरासरी १०४. पहिल्या दिवसापासून हा नियम पाळला असता तर पूर्ण संचाला सरासरी १११ + ५० = १६१ बंद कार्डांइतका खर्च आला असता, २२५ च्या जागी. सुटं कार्ड वीसपट महाग असेल तर सीमा अडीचवर येते. मग चार आणि तीन उरली असताना बंद कार्ड घ्या, आणि दोन उरली की सुटी घेऊन विषय संपवा. त्यात सरासरी १२.५ + १६.७ + ४० म्हणजे ६९ जातील. आत्ताच चारही सुटी घेतली तर ८०, शेवटपर्यंत बंद घेतली तर १०४. शेवटचं एकच कार्ड उरलेलं असताना बंद कार्ड घेणं परवडतं ते सुटं कार्ड पन्नासपटीहून महाग असेल तेव्हाच.

यात दुबार कार्डांची किंमत शून्य धरली आहे. ती विकली जात असतील किंवा बदलून मिळत असतील तर बंद कार्ड तितकं स्वस्त पडतं आणि सीमा थोडी खाली सरकते.

आणि बदलाबदल हाच सगळ्यात मोठा फायदा आहे. दोघांनी मिळून सगळी खरेदी एकत्र करायची आणि दोन संच पूर्ण करायचे ठरवलं, तर दोघांना मिळून सरासरी ४५० नाही, सुमारे ३२५ खरेद्या पुरतात. म्हणजे माणशी १६२. डोनाल्ड न्यूमन आणि लॅरी शेप यांनी १९६० मध्ये नेमका हा दुसऱ्या संचाचा प्रश्न सोडवला होता. पहिल्या संचाला लागणाऱ्या खर्चाच्या मानाने पुढचा प्रत्येक संच बराच स्वस्त पडतो, असं त्यातून निघतं. कारण एकाला नको असलेलं दुबार कार्ड दुसऱ्याची अडलेली जागा भरतं.

तुमच्याबाबतीत मी ज्या क्रमाने जाईन तो असा. आधी तीन-चार जणांच्या उरलेल्या कार्डांच्या याद्या मागवीन. त्यांची उरलेली कार्डं माझ्यापेक्षा वेगळी असतील तर तिथेच बदलाबदल करून टाकीन. तुमच्याकडे ७४ दुबार कार्डं आहेत, देण्याघेण्याला ती भरपूर झाली. त्यातून जी एक-दोन राहतील ती सुटी घेईन. याद्या जुळल्या, म्हणजे सगळे त्याच चार कार्डांवर अडकले आहेत असं दिसलं, तर एकही बंद कार्ड आणखी घेणार नाही, कारण मग समोर १०४ नसून चारशे-पाचशेचा आकडा असू शकतो. अशा वेळी सुट्या कार्डाची किंमतही वर गेलेली असते, पण ५०/c ची सीमा तिथे लावू नका. ती सारख्या प्रमाणासाठी आहे. दुर्मिळ कार्डाची शक्यता २३४ त एक असेल तर ५० च्या जागी २३४ येतो, आणि चार उरलेली असताना सुटं कार्ड ५८ पट महाग असलं तरी तेच स्वस्त पडतं.